रात्री साडेअकराचा मेसेज

"मॅडम, नीतिशास्त्राच्या पेपरसाठी विचारतेय. विद्यार्थिनीनं रात्री शिक्षकाला वैयक्तिक मेसेज केला तर उत्तर द्यायचंच नाही का? पोरं विश्वासानं बोलतात, त्यांना तोडायचं कसं?"
– बी.एड.ची विद्यार्थिनी, सांगली

शाळांमधून हे इतक्यांदा कानावर येतं, की एक अनुभवच सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

तासगावकडचे एक सर माझ्याकडं समुपदेशनाला आले. दहावीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनीच काढलेला. एका मुलीनं तिथून नंबर घेतला, बीजगणिताच्या शंका विचारल्या. दोन महिन्यांनी शंका संपल्या आणि 'सर, बाबा आजपण पिऊन आलेत' सुरू झालं. सर रोज धीर देत राहिले.

"वाईट एक शब्द नाही, वाचा," फोन पुढं करत ते म्हणाले.

"आधीचे मेसेज?"

"रोज डिलीट करतो."

"वाईट नाहीत, तर का?"

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

माझ्या मते मर्यादा तिथंच ओलांडली गेली होती. उत्तर उशिरा दिलं की लवकर, हा पुढचा प्रश्न. लपवाछपवी सुरू झाली की शिक्षकाच्या भल्या हेतूला साक्षीदार उरत नाही, आणि उद्या तक्रार झाली तर पुसलेलं चॅट त्याच्याच विरोधात बोलतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "लहानपणी तुमच्या घरी रात्री कोण जागं असायचं?"

बराच वेळ गेला. "मी. वडील पिऊन यायचे. आईजवळ बसून राहायचो."

अशा क्षणासाठी मी घाई करत नाही. वीस वर्षांत एवढं शिकलेय. मोठ्या माणसातही त्याचं लहानपणचं मूल जिवंत असतं, हे मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्नचं म्हणणं मला फार पटतं. त्या मुलीला उत्तरं देणारा तो दहा वर्षांचा मुलगा होता. त्याला वाचवायचं होतं, एकट्यानं.

मग काम सोपं झालं. अचानक ब्लॉक करायचं नाही, हे आधी ठरलं. सरांनी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, उरलेलं चॅट जपून ठेवलं. मुलीला स्टाफरूममध्ये, वर्गशिक्षिकेसमोर म्हणाले, "तुझं ऐकायचं आहेच, पण शाळेत, आणि मॅडमही असतील. गुपित ठेवीन असं वचन देत नाही." हे शेवटचं वाक्य फार मोलाचं. मुलीनं उद्या लैंगिक छळ सांगितला, तर पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. दिलेलं वचन तिथं मोडतं.

रात्री 'जगावंसं वाटत नाही' असा मेसेज आला तर मात्र 'रात्री उत्तर नाही' हा नियम बाजूला. उत्तर द्यायचं, पण लगेच घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला आणि मुख्याध्यापकांना फोन करायचा. तिला मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 द्यायचा. घरातच धोका असेल तर 1098 ला आपणच लावायचा.



मुलगी चार दिवस रुसली, वहीसुद्धा दिली नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेकडं डबा घेऊन आली.