नर्मदेचं पाणी, सौर वीज आणि एका निबंधाचे कापलेले गुण

प्रश्न : शाश्वत विकासाचे तीन स्तंभ एकमेकांच्या आड येतात, तेव्हा ते ३०० शब्दांच्या निबंधात कसं मांडायचं? माझ्या निबंधावर दरवेळी ‘मुद्देसूद, पण भूमिका नाही’ असा शेरा येतो.

तुमचे निबंध मी वाचलेले नाहीत, तरी शेरा बरोबरच असणार. अर्थशास्त्र शिकवत होते तेव्हा असे निबंध गठ्ठ्यांनी तपासले आहेत. सुरुवातीला शाश्वत विकासाची व्याख्या देणारा १९८७ चा ब्रुंटलँड अहवाल, मग त्याच विषयावरची २००२ ची जोहान्सबर्ग परिषद, मग पर्यावरण, समाज, अर्थव्यवस्था यांना एकेक परिच्छेद आणि शेवटी ‘तिन्हींत समतोल साधायला हवा’. शब्द संपतात, पण कोणी काय सोडायचं ते कुठेच येत नाही. जोहान्सबर्गच्या जाहीरनाम्यात हे स्तंभ एकमेकांना बळ देणारे आहेत असं म्हटलंय, कारण तो सगळ्या देशांना मान्य व्हायचा होता. निबंध लिहिणाऱ्यावर तशी सक्ती नाही.

‘विकास की पर्यावरण’ हा वाद घेऊन बसलात तर ३०० शब्दांत काहीच सिद्ध होत नाही. लिहायला एकच निर्णय निवडा. कोणाचा, कशावरचा, पैसा कुठून येणार, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा. हे मी इतक्या ठासून का म्हणते, त्याला कारण आहे.

इथे इंदूरमध्ये एका मराठी संस्थेच्या निबंध स्पर्धेला आम्ही दोघं परीक्षक होतो, मी आणि मोठ्या पदावरून निवृत्त झालेले एक सर. विषय होता ‘शाश्वत विकास आणि माझं शहर’. बहुतेक मुलांनी कचरा वेगळा करणं आणि स्वच्छतेतला पहिला नंबर यावर लिहिलं होतं. अकरावीतल्या एका मुलीने मात्र नळाच्या पाण्यापासून सुरुवात केली होती.

इंदूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमचं शहर माळव्याच्या पठारावर आहे आणि प्यायचं पाणी येतं खाली निमाडातून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून. म्हणजे सुमारे सत्तर किलोमीटर लांबून आणि पाचशे मीटरहून जास्त उंच चढवून. १९७० साली लोकांनी आंदोलन करून ही नर्मदा मागून घेतली आणि १९७८ मध्ये ती आली. अजूनही बऱ्याच वस्त्यांत पाणी एक दिवसाआड येतं, आणि घरात ‘नर्मदेचा नळ’ वेगळा, ‘बोरिंगचा’ वेगळा असतो. हे पाणी चढवायचं वीजबिल महिन्याला पंचवीस कोटींच्या घरात गेलं. मग महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज घेतलं, व्याज ८.२५ टक्के. सामान्य गुंतवणूकदारालाही ते घेता येत होते. त्या पैशातून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा होता.

त्या मुलीने निबंधासाठी महापालिकेचा हा निर्णय निवडला होता आणि समासात पेन्सिलीने हिशेब मांडला होता. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. ते पाचशे मीटर चढवायला ४९ लाख ज्यूल लागतात. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल, म्हणजे झाले १.३६ युनिट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर जवळपास दोन युनिट. नळीतलं घर्षण वेगळंच. थोडक्यात, घरची पाचशे लिटरची टाकी भरली की एक युनिट वीज गेली.

पुढे तिने सौर प्रकल्प किती पुरेल ते पाहिलं होतं. ६० मेगावॉट म्हणजे दिवसभर ६० मेगावॉट नव्हे. रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन धरलं तर आपल्याकडे क्षमतेच्या एकोणीस-वीस टक्के वीज हाती लागते. म्हणजे रोज पावणेतीन लाख युनिटच्या आसपास. तेवढ्यात साधारण १३ ते १४ कोटी लिटर पाणी चढेल. नर्मदेच्या पाणी योजनेचा एकटा तिसरा टप्पाच रोज ३६ कोटी लिटरचा आहे. म्हणून तिने लिहिलं होतं, ‘बिल कमी होईल, संपणार नाही.’ मी ते वाक्य अधोरेखित केलं.

पण मला खरं पटलं ते पुढचं. तिने विचारलं होतं की पाइपलाइनची गळती थांबवली तरी वीज वाचते, कारण वाटेत झिरपलेल्या प्रत्येक हजार लिटरमागे तीच दोन युनिटं वाया जातात. शिवाय ते पाणी शेवटच्या वस्तीपर्यंत पोचेल. मग रोखे सौर प्रकल्पासाठीच का? आणि उत्तरही तिचंच होतं. रोखे घेणाऱ्याला दर वर्षी व्याज लागतं, २४४ कोटींवर सुमारे २० कोटी. सौर प्रकल्पाची बचत दर महिन्याच्या वीजबिलात छापून येते, ती दाखवून कर्ज काढता येतं. गळती शोधायची तर रस्ते खणावे लागतात, फायदा हजार घरांत विखुरतो आणि ज्याला नव्याने पाणी मिळतं तो बहुधा जास्त बिल भरू शकणारा नसतो. म्हणजे आर्थिक आणि पर्यावरणाचा स्तंभ इथे हातात हात घालून निघाले आणि सामाजिक स्तंभ मागे राहिला. कोणाच्या वाईट हेतूमुळे नव्हे, कर्ज ज्या कामासाठी सहज मिळतं ते आधी होतं म्हणून.

शेवटी तिने बाजू घेतली होती. प्रकल्प व्हावा, पण वाचलेल्या बिलातला ठरावीक हिस्सा नळ नसलेल्या वस्त्यांच्या पाइपलाइनला बांधून द्यावा. आणि त्याखाली हे वाक्य होतं : ‘आमच्याकडे नर्मदेचा नळ आहे. या अटीमुळे आमचं पाण्याचं बिल कमी होणार नाही, ते मला मान्य आहे.’

मी तिला पहिलं बक्षीस द्यायचं म्हटलं. सर म्हणाले, एकांगी आहे. त्यांचं म्हणणं असं की सौर प्रकल्पाने तिन्ही स्तंभ साधले, खर्च वाचला, प्रदूषण कमी झालं, लोकांना पाणी मिळालं, मग ओढाताण आहेच कुठे? मी म्हटलं, सर, सौर प्रकल्पाने पाण्याचा एक थेंब वाढत नाही. तेच पाणी, त्याच नळ्या, त्याच वस्त्या. ज्याच्याकडे टँकर येत होता त्याच्याकडे टँकरच येणार. त्यावर ते म्हणाले की मुलीने सरदार सरोवर आणि विस्थापितांचा उल्लेखसुद्धा केलेला नाही. अहो, तो वेगळा निर्णय, वेगळ्या धरणाचा, आणि त्याला पुरा निबंध लागतो. नर्मदेचं नाव आलं की सगळी नर्मदा ओतायची, यानेच निबंध बुडतात. शेवटी ‘समतोल’ या रकान्यात तिचे गुण कापले गेले. बक्षीस गेलं संस्कृत सुभाषिताने सुरू होणाऱ्या, तिन्ही स्तंभांना सारख्या ओळी देणाऱ्या निबंधाला. मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं.

तुम्ही तिच्या त्या शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. हरणारा कोण आहे हे त्यात नाव घेऊन येतं, तो किती हरतो ते येतं आणि ती हानी का चालेल तेही येतं. या तीन गोष्टी आल्या की परीक्षक ‘भूमिका नाही’ म्हणूच शकत नाही. आमचे सर म्हणाले असते, पण ते सोडा.

एक भर मी घालेन, जी तिच्या निबंधात नव्हती. सगळी हानी अशी भरून देता येत नाही. बिलातलं नुकसान पैशाने फिटतं, काही गोष्टी फिटत नाहीत. आमच्या इथला सिरपूर तलाव होळकरांच्या काळात पाण्यासाठीच बांधला. २०२२ मध्ये तो जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. उद्या कोणी म्हणालं की तो खोल करा, पाणी साठवा, तेवढी नर्मदा कमी उपसावी लागेल, तर वरच्याच हिशेबाने हजार लिटरमागे दोन युनिट वाचतील. पण चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्यांना काठचं उथळ पाणी लागतं आणि खोलीकरणात आधी तेच जातं. वाचलेल्या युनिटांनी ते विकत मिळत नाही. अभ्यासक याला दुर्बळ आणि सबळ शाश्वतता म्हणतात. पहिल्या मतात एक भांडवल खर्चून दुसरं वाढवलेलं चालतं, दुसऱ्यात काही नैसर्गिक भांडवलाला हात लावायचाच नाही. निबंधात नावं नाही दिली तरी चालेल. आधी विचारा, हे परत आणता येईल का? येत असेल तर सौदा करा आणि भरपाई कोणाला ते लिहा. येत नसेल तर ती मर्यादा म्हणून आधीच आखून टाका आणि सौदा तिच्या आत करा.

शब्दांची वाटणी विचाराल तर निर्णयाला चाळीसेक, हिशेबाला शंभर, कोण मागे राहतो त्याला शंभर आणि उरलेले तुम्ही घेतलेल्या बाजूला व तुम्ही घातलेल्या अटीला. ब्रुंटलँड गाळला तरी कोणी गुण कापत नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. सत्तर टक्के कार्यक्षमता आणि एकोणीस टक्के सौर उत्पादन ही गृहीतकं आहेत. निबंधात ‘धरली तर’ असं लिहा, नाहीतर आकडा महापालिकेचा आहे असं वाटेल. सौर वीज दिवसाच तयार होते आणि पाणी उपसणं रात्रीही चालतं, म्हणून वीज ग्रिडमध्ये देऊन बिलात वळती करण्याची सोय लागते. तिचे नियम बदलले की बचतीचा आकडाही बदलतो. आणि प्रश्नात ‘चर्चा करा’ असेल तर दुसरी बाजू तिच्या सगळ्यात भक्कम रूपात दोन वाक्यांत द्या. सरांचा प्रदूषणाचा मुद्दा तसा भक्कम होता, कोळशाची वीज कमी लागणं ही छोटी गोष्ट नाही. तो त्या मुलीनेही मान्य केला होता, दुसऱ्याच परिच्छेदात. सर तिथवर वाचून थांबले असावेत, असं मला अजून वाटतं.