स्लिपमधले ४,४८३ रुपये

प्रिय मित्रा,

पगाराच्या स्लिपचा स्क्रीनशॉट पाहिला; खात्यात कमी पैसे का आले, हा तुझा प्रश्न. आधी एक: पुढच्या वेळी पाठवताना पॅन, पीएफचा यूएएन नंबर आणि बँक खात्याचा नंबर झाकून पाठव. मला तर आकडेच हवे होते.

ऑफर लेटरमध्ये ६,३६,००० म्हणजे महिना ५३,०००, आणि खात्यात आले ४५,५१७. पण कपात मोजायची ती ग्रॉसपासून, म्हणजे कपातीआधीच्या पगारापासून, आणि तुझा ग्रॉस ५०,००० आहे. वरचे ३,००० म्हणजे कंपनीने तुझ्या पीएफमध्ये भरायचा वाटा. तो सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुझ्यासाठी येणाऱ्या एकूण खर्चात धरतात, पगारात कधीच येत नाही.

राहिले ४,४८३. त्यातले ३,००० तुझा स्वतःचा पीएफ: बेसिक २५,०००, त्याचे १२ टक्के. हा पैसा तुझाच आहे. ईपीएफओच्या पासबुकात तुझा आणि कंपनीचा वाटा जमा झालेला दिसतो का, ते दोनेक महिन्यांनी बघ. स्लिपवर कापले म्हणजे भरले असं होत नाही. २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स. महाराष्ट्रात तो फेब्रुवारीत ३०० होतो, वर्षाचे २,५००. त्याबद्दल काही करता येत नाही.

खटकला तो टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला आयकर, १,२८३ रुपये. वर्षाला सहा लाख पगारावर २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत कर शून्य निघतो: ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरतात ५,२५,०००, आणि तिथे १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट आहे. मग हा आकडा आला कुठून? मी जुन्या प्रणालीने हिशोब करून पाहिला. सहा लाखांतून ५०,००० प्रमाणित वजावट, ३६,००० पीएफ आणि २,५०० प्रोफेशनल टॅक्स गेले की उरतात ५,११,५००. तिथली सूट पाच लाखांवर थांबते, त्यामुळे ११,५०० जास्त झाल्याने सगळीच गेली. कर १४,८००, सेस धरून १५,३९२, भागिले बारा. बरोबर १,२८३.

म्हणजे रुजू होताना ॲपमधल्या डिक्लरेशनमध्ये तू जुनी प्रणाली निवडलीस. नवी आपोआप लागू असते, जुनी मागावी लागते. घरभाडं, विमा वगैरे काही दाखवायचं नसेल तर ती तुझ्या कामाची नाही. ॲपमध्ये ते पान अजून उघडं असेल तर बदल, नाहीतर पेरोलला मेल कर. पुढच्या महिन्यात नेट पे ४६,८०० दिसायला हवा, शिवाय आधी कापलेलं काही पेरोल वर्षाच्या हिशोबात जुळवून घेतं का तेही विचार.

ते म्हणाले की आता वर्षभर बदलता येणार नाही, तरी वाद घालू नकोस. ती अट फक्त पगारातून कर कापण्यापुरती असते. फक्त पगाराचं उत्पन्न असणाऱ्याला विवरणपत्र भरताना प्रणाली पुन्हा निवडता येते. मुदतीत भर, कापलेला कर परतावा म्हणून खात्यात येईल. त्याआधी आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये तो कर तुझ्या पॅनवर जमा दिसतोय ना, एवढं तपास.