काम कोणाचे? वहीतल्या स्टारविषयी एका तरुण शिक्षिकेला पत्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. नववीच्या गृहपाठासाठी तू स्टारचा तक्ता लावलास, सुरुवातीला वह्यांचे गठ्ठे वेळेवर आले, आणि आता एकाच वहीवरून उतरवलेल्या वह्या टेबलावर येऊन पडतात. पाठ्यपुस्तकाबाहेरचा एखादा प्रश्न फळ्यावर लिहिलास की मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, याला स्टार आहे का?" तक्ता काढला तर होते तेवढेही काम थांबेल आणि ठेवला तर उतरवाउतरवी चालूच राहील, अशा पेचात तू सापडली आहेस. पण स्टार ठेवावा की काढावा, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. वही उघडताना त्या मुलाला हे काम कोणाचे वाटते, हा पहिला प्रश्न. सध्या ते त्याला तुझे वाटते, आणि दुसऱ्याचे काम माणूस मोबदल्यापुरतेच करतो.

हे मी अनुभवाच्या जोरावर सांगत आहे असे समजू नकोस. यामागे पन्नास वर्षांचा अभ्यास आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोमा नावाचे ठोकळ्यांचे कोडे सोडवायला दिले. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्याला काहीच नाही. प्रत्येक सत्रात संशोधक काही निमित्ताने आठ मिनिटे खोलीबाहेर जात असे. जवळ मासिके ठेवलेली होती, वाटेल ते करण्याची मुभा होती, आणि या रिकाम्या वेळात कोण आपणहून कोड्याकडे वळतो हे पाहायचे होते. शेवटच्या सत्रात पैसे बंद झाले, तेव्हा आधी पैसे मिळालेल्या गटाचा या रिकाम्या वेळातला ओढा कमी झालेला दिसला. दोन वर्षांनी लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर असाच प्रयोग केला. ज्यांना आधीच प्रमाणपत्र कबूल केले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. ज्यांना तेच प्रमाणपत्र न सांगता नंतर दिले, त्यांची आवड मात्र शाबूत राहिली.

या शेवटच्या वाक्यापाशी थांब, कारण बक्षिसाच्या विरोधात बोलणारे बहुतेक लोक ते वगळून पुढे जातात. कागद तोच होता, रिबीनही तीच होती. फरक एवढाच की एका गटाने चित्र प्रमाणपत्रासाठी काढले आणि दुसऱ्याने चित्रासाठी. डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलेल्या स्वयंनिर्धारण सिद्धांताचा कणा इथे आहे. प्रत्येक बक्षीस, शेरा आणि गुण दोन गोष्टी बोलू शकतो. "मी सांगतो म्हणून तू हे करतोस" ही एक, आणि "तुला हे इतपत जमले आहे" ही दुसरी. पहिली ऐकू आली की काम परके होते. दुसरी ऐकू आली की सक्षमतेची जाणीव वाढते आणि आवड टिकते. तुझा तक्ता वह्या जमा झाल्या की नाही एवढेच मोजतो, म्हणून तो फक्त पहिली गोष्ट बोलतो.

या निष्कर्षांवर वाद झाले आहेत हेही तुला ठाऊक असावे. १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पियर्स यांनी अनेक प्रयोगांची एकत्रित छाननी करून बक्षिसांची हानी फारशी नाही असे म्हटले. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग पुन्हा तपासून आधीच कबूल केलेले मूर्त बक्षीस आवडीच्या कामातली ओढ घटवते असे दाखवले. 'आवडीच्या कामातली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जिथे मुळात आवडच नव्हती तिथे घटायलाही काही नसते. म्हणून पाढे म्हणून घेताना तू कधी पेन्सिल दिलीस तर आकाश कोसळणार नाही. पण भूमितीच्या सिद्धतेत आपणहून रमू शकणारी मुले तुझ्या वर्गात आहेत. तू स्वतः त्यांचे वर्णन मला लिहून पाठवले आहेस, आणि तरीही त्यांच्यासमोर तक्ता टांगला आहेस, याचे मला वाईट वाटते.

आता वहीकडे ये. समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय घे: त्रिकोण ABC मध्ये AB = AC दिले आहे, आणि ∠B = ∠C हे सिद्ध करायचे आहे. पक्ष आणि साध्य मुलाने नीट लिहिले आहेत. रचनेत त्याने ∠A चा दुभाजक AD काढला आहे. मग AB = AC, AD सामाईक, BD = DC, आणि म्हणून बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, असे लिहून मोकळा झाला आहे. BD = DC हे त्याला आकृतीत दिसले आणि त्याने ते घेतले; दुभाजक पाया दुभागतो हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. या वहीवर पाचपैकी तीन गुण लिहिलेस तर तो शेजाऱ्याचे गुण पाहील आणि वही मिटेल. त्याऐवजी असे लिही: "रचना योग्य आहे. BD = DC हे कोणत्या विधानावरून आले? दोन मार्ग आहेत. दुभाजकच ठेवायचा असेल तर त्याने तुला कोणती समानता दिली ते पाहा. BD = DC हवेच असेल तर रचना बदल. कोणता मार्ग घ्यायचा ते तू ठरव, पण रचनेने दिले तेवढेच वापर."

हा शेरा काय करतो ते पाहा. दुभाजक ठेवला तर ∠BAD = ∠CAD मिळतो आणि सिद्धता बाकोबा कसोटीने होते; D हा मध्यबिंदू घेतला तर त्याचीच बाबाबा कसोटी बरोबर ठरते. दोन्ही वाटा गणिताच्या दृष्टीने खऱ्या आहेत, म्हणून निवडही खरी आहे. निळ्या पेनाने लिही किंवा काळ्या, असे सांगितल्याने स्वायत्तता मिळत नाही. शिवाय या शेऱ्यात ढिलाई कुठेच नाही. रचनेबाहेरचे विधान चालणार नाही ही शिस्त पूर्ण कडक आहे. मोकळीक द्यायची म्हणजे वर्ग सोडून द्यायचा, असा समज करून घेऊन अनेक उत्साही तरुण शिक्षक पहिल्या सहामाहीतच हात पोळून घेतात आणि मग छडीच्या भाषेकडे वळतात. अमेरिकेतल्या माध्यमिक वर्गांच्या निरीक्षणांवर आधारलेला जँग, रीव्ह आणि डेसी यांचा २०१० चा अभ्यास सांगतो की स्पष्ट चौकट आणि स्वायत्ततेला पाठबळ या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नसून बहुधा एकाच शिक्षकाकडे सोबतच आढळतात. काम कोणाचे हे मुलाला कळले की नियम त्याला जाचत नाहीत, उपयोगी पडतात.

शेऱ्यासोबत गुणही लिहिले तर काय बिघडले, असे तू विचारशील, कारण प्रत्येक मुख्याध्यापक हेच विचारतो. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त शेरे, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही दिले होते. फक्त शेरे मिळालेल्यांचे काम आणि रस दोन्ही सरस ठरले. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तो लाभ झाला नाही. मला त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट ही वाटते की वरच्या मुलांचा रस गुणांनीही टिकला, मागे पडलेल्यांचा मात्र गेला. ज्यांच्यासाठी आपण तक्ते लावतो, नुकसान त्यांचेच होते.

मी सेवेत असताना घटक चाचणीचे गुण नियमाप्रमाणे देत असे, पण रोजच्या वहीवर आकडा कधीच लिहिला नाही. त्यावरून पालकसभेत माझ्यावर कामचुकारपणाचा आरोप झाला, आणि वरिष्ठांनी वह्या मागवून घेतल्या. मी त्या उघडून एकेक शेरा वाचून दाखवला आणि आकडा लिहिणार नाही असे तिथेच सांगितले. मला हेकट म्हणणारे सहकारी आजही भेटतात. त्या हेकटपणाबद्दल मला काहीही वाटत नाही. खंत आहे ती एवढीच की मी निवृत्त झाल्यावर ती पद्धत त्या शाळेत एक वर्षही टिकली नाही.

"पण दहावीचा बोर्ड येतोच आहे," हे तुझे वाक्य मी टाळलेले नाही. ऐंशी गुणांची लेखी आणि वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन तुला किंवा मला बदलता येणार नाही, आणि सगळी भूमिती सगळ्यांना मनापासून आवडेल असेही नाही. अंशतः नावडते काम आपलेसे कसे होते, यावर सिद्धांताचे जे उत्तर आहे ते मला आवडीवरच्या प्रयोगांपेक्षाही मोलाचे वाटते. बाहेरून आलेल्या प्रेरणेच्या पायऱ्या असतात. कोणी शिक्षेच्या भीतीने करतो, कोणी लाजेने, कोणी त्याचे महत्त्व पटले म्हणून करतो, आणि महत्त्व पटून केलेले काम आवडीच्या कामाच्या बरेच जवळ जाते. डेसी यांच्या १९९४ च्या प्रयोगात कंटाळवाणे काम देताना तीन गोष्टी केल्या गेल्या: ते का करायचे याचे कारण सांगितले, कंटाळा येणे स्वाभाविक आहे हे मान्य केले, आणि हुकमाची भाषा टाळली. या गोष्टी जिथे पुरेशा होत्या तिथे लोक पुढे ते काम आपणहून आणि पटून करत होते. जिथे त्या तोकड्या पडल्या तिथेही काहींनी केले, पण मनावर दडपण घेऊन. वर्गात यातली दुसरी पायरी, लाजेची, ओळखायला सर्वांत अवघड असते, कारण तिथली मुले कामसू दिसतात. निकाल लागायच्या दिवशी ज्यांचे पोट दुखते आणि चुकलेले उदाहरण पुन्हा पाहायची ज्यांना इच्छा होत नाही, ती या पायरीवर आहेत असे समज. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" हे वाक्य त्यांना तिथेच खिळवून ठेवते. ते आजपासून बंद कर.

निकालाच्या टक्केवारीवरून तुझ्यावर दडपण आहे, हे तू शेवटी दोन ओळींत लिहिलेस. खरे तर ते आधी लिहायला हवे होते. १९८२ च्या एका प्रयोगात शिकवणाऱ्यांना "तुमचे विद्यार्थी ठरावीक पातळी गाठतील ही तुमची जबाबदारी" असे सांगितल्यावर ते जास्त बोलू लागले, जास्त सूचना देऊ लागले आणि विद्यार्थ्याला स्वतः विचार करायला कमी वाव देऊ लागले. तक्ता तू मुलांच्या आळसामुळे लावलास असे तुला वाटते. तारखा जुळवून पाहा, तो कोणत्या बैठकीनंतर लावलास.

तक्ता एका दिवसात फाडून टाकू नकोस. मुलांनी कमावलेले स्टार त्यांचे आहेत, ते सहामाहीपर्यंत राहू दे, नवे मात्र लावू नकोस, आणि का लावत नाहीस ते वर्गाला सरळ सांग. सगळ्या वह्यांवर रोज असे शेरे लिहिणे कोणालाही शक्य नाही, म्हणून दर आठवड्याला एकच सिद्धता निवड आणि एका वेळी एकाच रांगेच्या वह्या घे. शेऱ्यानंतर दुरुस्तीसाठी तासातली दहा मिनिटे राखून ठेव, नाहीतर शेरा वाचलाच जाणार नाही. सुरुवातीला जमा होणाऱ्या वह्या कमी होतील. त्या आकड्याने घाबरू नकोस आणि कोणी विचारले तर तो लपवूही नकोस. उतरवलेल्या वह्या कमी झाल्या का, दुभाजक आणि मध्यबिंदू अशा दोन्ही वाटांच्या सिद्धता एकाच वर्गातून येऊ लागल्या का, आणि न विचारता कोणी तिसरी वाट आणली का, याची नोंद ठेव. महिन्याभराने त्यातल्या तीन वह्यांची छायाचित्रे मला पाठव, एक वरच्या मुलाची आणि दोन मागच्या बाकावरच्या मुलांच्या, तुझ्या शेऱ्यांसकट. शेरे मी तपासणार आहे.

तुझा,
सर