चॅनलचं इन्कम कितपत स्टेबल झालं की नोकरीचे तास कमी करावेत?

प्रश्न: माझं यूट्यूब चॅनल आहे, गेले 5 महिने त्यातून महिन्याला 30-35 हजार येतायत. नोकरीत 42 हजार पगार आहे. नोकरीचे दिवस कमी करून चॅनलला वेळ द्यायचा विचार चाललाय. इन्कम किती स्टेबल झालं की हे करावं?

उत्तर:

तुमचे हे 5 महिने नेमके कोणते, हे आधी सांगा, कारण ऑगस्ट ते डिसेंबर असतील तर त्यांच्यावर काहीच ठरवू नका. दिवाळी आणि वर्षअखेर म्हणून जाहिरातवाले तेव्हा पैसा सोडतात आणि जानेवारी लागला की हात आखडता घेतात, त्यामुळे तेवढेच व्ह्यूज येऊनसुद्धा पैसे कमी मिळतात. माझे जानेवारीतले व्ह्यूज डिसेंबरपेक्षा थोडे जास्तच होते तरी डिसेंबरचे 22 हजार आले आणि जानेवारीचे 18. मी काहीच चुकवलं नव्हतं, व्हिडिओ तसेच होते, भावच पडला होता.

मी नाशिकला एका पाइप-पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते, 9 वर्षं झाली, आणि गच्चीवरच्या बागेचं मराठी चॅनल आहे. आधी आठवड्याचे 6 दिवस जायचे, आता 4 दिवस जाते. मी हे कसं ठरवलं ते आकड्यांसकट सांगते, कारण "थोडं सेव्हिंग ठेवा आणि उडी मारा" असं सांगणारे खूप भेटतात पण उडी किती लांब मारायची ते कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, मी यूट्यूब स्टुडिओत दिसणारा आकडा धरतच नाही, बँकेत जमा झालेला धरते. स्टुडिओतला आकडा अंदाजी असतो, पक्का हिशोब पुढच्या महिन्यात होतो आणि पैसे त्या महिन्याच्या 21 ते 26 च्या दरम्यान निघतात, म्हणजे जूनची कमाई हातात यायला जुलैचा शेवट उजाडतो. त्यात अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर तिकडचा टॅक्स कापला जातो, फॉर्म भरलेला असेल तर भारतासाठी 15 टक्के, आणि फॉर्मच भरला नसेल तर सगळ्या कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, सो तेवढं आधी चेक करा.

तर माझं पहिलं पूर्ण वर्ष, बँकेत जमा झालेलं, हजारात असं होतं: जानेवारी ते जून 17, 14, 15, 16, 17, 20, मग जुलै 31, ऑगस्ट 84, सप्टेंबर 46, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर 25, 28, 27. एकूण 3 लाख 40 हजार, म्हणजे सरासरी महिन्याला 28 हजारांच्या वर. शिवाय वर्षात तीन स्पॉन्सरशिप मिळाल्या, प्रत्येकी 25 हजार. ते धरले तर सरासरी साडेचौतीस हजार होत होती आणि माझा पगार होता 38 हजार. तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले होते की राजीनामा देते. तो नको म्हणाला नाही, फक्त विचारलं की ते 84 हजार पुन्हा कधी येणार. मला उत्तर देता येईना, म्हणून बसले आणि आकडे फोडले.

ऑगस्टचे 84 हजार एका व्हिडिओने आणले होते, कढीपत्त्याची छाटणी. त्या एका व्हिडिओने तीन महिन्यांत मिळून साधारण 90 हजार दिले. तो काढून टाकला तर वर्षाचे अडीच लाख उरतात, सरासरी 21 हजारांच्याही आत. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओची कमाई वेगळी दिसते, तुम्ही पण तुमचा सगळ्यात मोठा व्हिडिओ काढून सरासरी पुन्हा काढा, फार फरक पडला तर ते चॅनलचं इन्कम नाही, एका व्हिडिओचं आहे.

आणि तो व्हिडिओ चालला कुठून तेही बघा. कढीपत्त्याचे जवळपास सगळे व्ह्यूज होम पेजवरून आणि दुसऱ्या व्हिडिओंच्या शेजारी दिसून आले होते, म्हणजे यूट्यूबने स्वतःहून लोकांपुढे ठेवला आणि मग ठेवणं थांबवलं, संपलं. याउलट जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचा व्हिडिओ आहे (लोक शोधताना मिलीबगच लिहितात), तो सर्चमधून चालतो. कोणाच्या ना कोणाच्या जास्वंदीला रोज कीड लागतेच. तो व्हिडिओ कधीच व्हायरल झाला नाही पण तीन वर्षं झाली, दर महिन्याला थोडे थोडे पैसे देतोच. पगार सोडायचा तर मला असल्या व्हिडिओंचाच भरवसा वाटतो. शॉर्ट्सने सबस्क्रायबर भराभर वाढले पण त्यातून पैसे इतके कमी आले की मी ते हिशोबात घेतलेच नाहीत.

स्पॉन्सरशिप मी शून्य धरल्या. तिसऱ्या वेळच्या कंपनीने पैसे द्यायला 70 दिवस लावले, रोज फोन करत होते मी, आणि पुढच्या सीझनला त्यांनी कोणालाच काम दिलं नाही. आले तर बाजूला टाकायचे, घर त्यावर चालवायचं नाही.

मग माझा नियम असा ठरला की सरासरी बघायचीच नाही, गेल्या वर्षातले लागोपाठचे सगळ्यात वाईट तीन महिने बघायचे. एकच वाईट महिना घेतला तर उगाच घाबरायला होतं, पण तीन सलग महिने म्हणजे खरा तळ, कारण किराणा आणि शाळेची फी तीन महिने थांबत नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारी, मार्च, एप्रिलला 18, 17, 19 आले. सरासरी 18 हजार. त्यातून माती, रोपं, नेट आणि काही व्हिडिओ एडिट करणाऱ्या मुलाचे मिळून 4 हजार गेले. उरले 14. माझ्या मते चॅनल मला खात्रीने देतं ते एवढंच, 14 हजार, बाकी सगळं वरकड.

आता याला नोकरीच्या दिवसांशी जोडा. 38 हजार 6 दिवसांचे, म्हणजे आठवड्यातला एक दिवस साधारण 6,300 चा पडतो. दोन दिवस सोडले तर 12,700 जातात, 14 मध्ये बसतात. तीन सोडले तर 19 हजार जातात, बसत नाहीत. म्हणजे माझं उत्तर "नोकरी सोडू का" नव्हतंच, "दोन दिवस सोडू शकते" एवढंच होतं आणि ते आकड्यांनीच दिलं. तुमचे 42 हजार किती दिवसांचे आहेत ते बघून हाच भागाकार करा.

तरी मी लगेच दोन दिवस सोडले नाहीत, कारण एक गोष्ट कळायची होती: व्हिडिओ टाकणं थांबलं तर काय होतं? आजारपण, घरातलं लग्न, काहीही होऊ शकतं. ही टेस्ट मला आपोआप मिळाली. मार्च एंडला आमच्या ऑफिसात मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत मी एकही व्हिडिओ टाकला नाही, 6 आठवडे. एप्रिलची कमाई मे मध्ये आली ती साडेअठरा हजार. त्यातले दोन तृतीयांश एक वर्षाहून जुन्या व्हिडिओंचे होते. तेव्हा मला खरा धीर आला, 84 हजार आले तेव्हासुद्धा एवढा आला नव्हता. तुमचं इन्कम व्हिडिओ थांबवल्यावर महिन्याभरात अर्ध्यावर येत असेल तर नोकरीचे तास कमी करून तुम्ही दुसरी नोकरी धरताय, आणि तिच्यात आजारपणाची रजा नाही.

जूनपासून शनिवार बंद केला. 6 महिने तसं चालवून बघितलं, मग अजून एक दिवस. शेठशी बोलताना मी चॅनलचं सरळ सांगितलं, लपवून काही होत नाही (मोठ्या कंपनीत असाल तर अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरच्या कमाईबद्दल काय लिहिलंय ते बोलायच्या आधी वाचा). 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी भरायचा असतो, त्या आठवड्यांत आणि सप्टेंबरच्या ऑडिटला मी पूर्ण 6 दिवस येईन, त्याबदल्यात 20 नंतर जास्त सुट्ट्या घेईन असं ठरलं. त्यांचं काम अडत नाही हे दिसल्यावर ते तयार झाले.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर काढतात, बेसिक गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. माझं बेसिक 19 हजार होतं, 9 वर्षांचे साधारण 98,600 होत होते. 4 दिवसांच्या पगारात बेसिक 12,667 झालं की त्याच 9 वर्षांचे 65,800 होतात. दोन दिवस कमी करून मागच्या सगळ्या वर्षांचे 33 हजार गेले असते! मी शेठकडून आधीच्या 9 वर्षांची जुन्या बेसिकवर धरायची असं लिहून घेतलं. पीएफ पण थोडा कमी होतो पण तो पुढचा, मागचा जात नाही.

घराचं लोन घ्यायचं असेल तर तेही आधीच उरका. पगाराच्या स्लिपवर बँक पटकन देते, चॅनलच्या कमाईसाठी दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. आणि रिटर्न भरताना ही कमाई धंद्याची म्हणून दाखवावी लागते, आयटीआर-1 चालत नाही.

पैसे येतात ते आता वेगळ्या खात्यात जातात, त्यातून मी दर महिन्याला स्वतःला 14 हजारच पाठवते, 40 आले तरी 14. व्हायरलच्या वेळचे आणि नंतरचे वरकड मिळून त्या खात्यात आज 1 लाख 10 हजार आहेत. ते 42 हजारांच्या खाली गेले, म्हणजे तीन महिन्यांपेक्षा कमी उरले, की शेठकडे जाऊन एक दिवस परत मागायचा हे मी आणि नवऱ्याने आत्ताच ठरवून ठेवलंय. मागच्या मार्चमध्ये 71 पर्यंत आलं होतं. तिसरा दिवस सोडायला पगाराचे 19 आणि खर्चाचे 4 मिळून मला तळ 23 हजारांचा लागेल, या वर्षी तो 20 आला, म्हणून पुढच्या एप्रिलपर्यंत 4 दिवस चालूच राहणार आहेत.