निदानरेषेतलं 'निदान' आलं कुठून?

प्रश्न: "शिबिरातल्या मुलांना वाटायला कबड्डीच्या मैदानाची आकृती काढतोय. मधल्या रेषेपुढच्या पहिल्या रेषेला काय लिहू, बल्क लाइन, ब्लॉक लाइन की निदानरेषा? 'निदान'चा इथे अर्थ काय? आणि सातही खेळाडूंच्या सुरुवातीच्या जागा कशा दाखवू?"

निदानरेषा लिहा. बल्क आणि ब्लॉक दोन्ही खोडून टाका. ब्लॉक हा शब्द इथला नाहीच, कुणाच्या तरी कानाची ती चूक आहे आणि पत्रकावरून पत्रकावर उतरवली जाते आहे. बल्क ही उच्चाराची चूक आहे. इंग्रजीत त्या शब्दातला 'ल' सहसा उच्चारत नाहीत, बॉक म्हणतात. घाऊक मालाचा बल्क वेगळा आणि हा वेगळा. समालोचनात रोज 'बल्क लाइन' ऐकू येतं आणि रोज माझं डोकं फिरतं, कारण ज्या खेळाला स्वतःचा इतका नेमका मराठी शब्द आहे, तिथे चुकीचा परका शब्द मुलांच्या तोंडी घालायची काहीच गरज नाही.

आता निदान. रोगनिदान वगैरे तुम्हाला माहीत आहे, ते सोडतो. या शब्दाचं खरं सौंदर्य त्याच्या मुळात आहे. संस्कृतात 'दा' असा एक धातू आहे ज्याचा अर्थ बांधणं. देणं या अर्थाचा 'दा' निराळा. बांधणाऱ्या 'दा'ला 'नि' लागून निदान झालं, आणि ऋग्वेदात निदान म्हणजे चक्क दोरी, गाईला बांधायचं दावं. याच धातूपासून दामन्, म्हणजे दोर. पोटाला दोर बांधला म्हणून दामोदर. आणि त्याच दामन् पासून मराठीत उतरलेला शब्द कोणता? दावं! गोठ्यातलं दावं आणि कबड्डीतली निदानरेषा एकाच घरची आहेत. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो तुम्हालाही व्हावा म्हणून हे एवढं लांबण लावतो आहे.

दोरीपासून अर्थ दोन वाटांनी गेला. ज्याला एखादी गोष्ट बांधलेली असते ते तिचं कारण, म्हणून निदान म्हणजे मूळ कारण, आणि पुढे रोगाचं कारण शोधणं. बौद्ध परंपरेतली बारा निदानं याच वाटेवरची, एकाला एक जोडलेले कारणांचे बारा दुवे. दुसरी वाट शेवटाकडे गेली. संस्कृतातच निदानाला शेवट, समाप्ती असा अर्थ आहे आणि जुन्या मराठीत 'निदानी' म्हणजे अखेरीस. अखेरीसवरून 'काही नाही तर शेवटी एवढं तरी' या छटेवर आपण आलो आणि आजचं 'निदान पाणी तरी प्या' तयार झालं. दोरीचं टोक ते शेवट, शेवट ते किमान, अशी ही चाल मी मानतो. दावं संपतं तिथे जनावराची हद्द संपते. शेवट हा अर्थ दोरीतच होता.

निदानरेषेतलं निदान या दुसऱ्या वाटेचं आहे, 'निदान एकदा तरी'मधलं. हे माझं मत आहे आणि त्याला आधार खेळाच्या नियमाचाच आहे. चढाई करणाऱ्याने कुणालाही न शिवता परतायचं असेल तर त्या चढाईत ही रेषा निदान एकदा ओलांडावीच लागते. न ओलांडता परतला तर तो बाद. बोनस मिळवा न मिळवा, कुणाला शिवला नसाल तर ही रेषा निदान एकदा ओलांडा. नियमाचं वाक्य बोलता बोलता रेषेचं नाव होतं! काही जाणकार सांगतात की इथे चढाईची 'परीक्षा' होते म्हणून निदान, वैद्याच्या निदानासारखं. मला हे अजिबात पटत नाही. परीक्षा तर बोनस रेषेवरही होते, मध्यरेषेवर दम सुटतो की नाही याचीही होते, मग त्यांना का नाही निदान म्हटलं? आणि 'समितीने केलेलं अवघड भाषांतर' म्हणून या शब्दाला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी बॉक शब्दाचा अर्थ पाहावा. जुन्या इंग्रजीत तो शेतातल्या न नांगरलेल्या पट्टीसाठी आहे, दोन वाफ्यांमधला उंचवटा, म्हणजे आपला बांध. तिथून अडथळा आणि अडून राहणं हे अर्थ आले. निदानरेषा त्याचं भाषांतर नाहीच. इंग्रजी शब्द रेषा अडवते असं सांगतो, मराठी शब्द तिच्याशी काय करायचं ते सांगतो. शिकणाऱ्या मुलाला दुसरं जास्त उपयोगाचं आहे.

'ओलांडली' कधी म्हणायचं हेही पत्रकात हवं, कारण चुका तिथेच होतात. समजा चढाईपटूने उजवा पाय निदानरेषेपलीकडे टेकवला आणि डावी टाच अजून अलीकडे जमिनीला लागलेली आहे. रेषा ओलांडली गेली नाही. पलीकडे शरीराचा काही भाग जमिनीला लागलेला हवा आणि त्याच वेळी मध्यरेषा व निदानरेषा यांच्यामधल्या जमिनीला काहीच लागलेलं नको. डावा पाय उचलला की ओलांडली. पाय नुसता रेषेवर पडला तर ते चालत नाही. नवी मुलं लांब पाय टाकतात, मागचा पाय घसटत राहतो आणि परत आल्यावर पंच बाद का देतात ते त्यांना कळत नाही. आकृतीत निदानरेषेशेजारी दोन पावलं काढा, पुढचं भरीव, मागचं तुटक रेघेचं, आणि खाली लिहा 'मागचा पाय हवेत'.

आता मापं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याची दोन अंगणं होतात, प्रत्येक साडेसहा मीटरचं. (अंगण हा शब्द ठेवा, 'हाफ' लिहू नका.) मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून अंतिम रेषा १.७५ मीटरवर. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची पट्टी, म्हणजे राखीव क्षेत्र, बोलण्यात लॉबी. कुणाचा कुणाला स्पर्श झाल्याखेरीज ही पट्टी खेळात येत नाही, म्हणून निदान आणि बोनस या रेषा मधल्या ८ मीटरमध्येच काढा, पट्टीत घुसवू नका. मध्यरेषा मात्र पूर्ण १० मीटरची.

महिलांचं मैदान १२ बाय ८. अंगण ६ मीटरचं, निदानरेषा ३ मीटरवर, बोनस ४ मीटरवर, त्यामागे २ मीटर. इथे एक चूक सतत होते. पुरुषांची आकृती घेतात, बाहेरची चौकट बदलतात आणि आतले ३.७५ आणि ४.७५ तसेच ठेवतात. ओळखायची खूण सोपी आहे. महिलांच्या आकृतीत बोनस रेषेमागे २ मीटरऐवजी सव्वा मीटरच उरला असेल तर आकडे पुरुषांचे आहेत. त्या आकृतीवरून सराव केलेली मुलगी पाऊण मीटर जास्त आत शिरायला शिकते, म्हणजे कोपऱ्यात उभ्या असलेल्या बचावपटूच्या हाती आयती सापडते.

एका पानावर दोन्ही अंगणं कोंबण्यापेक्षा एकच मोठं काढा. ए-फोर कागद आडवा धरून १ मीटरला २ सेंटिमीटर घेतलं की पुरुषांचं अंगण २० सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर खोल येतं. मध्यरेषेपासून साडेसातवर निदान, साडेनऊवर बोनस, तेरावर अंतिम. पट्टी दोन सेंटिमीटरची. शेजारी नावं लिहायला जागाही उरते.

खेळाडूंच्या जागांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहा, की बचाव करणाऱ्यांनी कुठे उभं राहायचं हे नियम ठरवत नाहीत. तो संघाचा डाव आहे. प्रचलित मांडणी डावीकडून अशी: डावा कोपरा, डावा इन, डावा कव्हर, सेंटर, उजवा कव्हर, उजवा इन, उजवा कोपरा. हे सात गोल बोनस रेषेच्या आसपास कमानीत काढा. कोपरा आणि त्याच्या शेजारचा इन यांना छोट्या रेघेने जोडा, ती साखळी. कव्हरला वर्तमानपत्रं मध्यरक्षक लिहितात. मैदानावर मात्र सगळे कव्हरच म्हणतात, तेव्हा मुलांच्या पत्रकात कव्हरच ठेवा.

डावा-उजवा ठरतो तो बचाव करणाऱ्याच्या बाजूने, मध्यरेषेकडे तोंड करून. तुमच्या पानावर मध्यरेषा वर असेल तर डावा कोपरा कागदाच्या डाव्या बाजूला येतो. मध्यरेषा खाली असेल तर तोच डावा कोपरा कागदाच्या उजव्या बाजूला जातो. दोन्ही अंगणं एकत्र काढणाऱ्यांचं वरचं अंगण बहुतेक वेळा इथेच चुकतं, कारण खालची नावं तशीच वर उतरवली जातात. चढाईपटूच्या नजरेने तर सगळं उलटच, त्याच्या उजव्या हाताला विरोधी संघाचा डावा कोपरा. म्हणून मध्यरेषेवर एक बाण काढा आणि त्याच्याजवळ 'बचावाचं तोंड इकडे' असं लिहा.

बोनस रेषेजवळ 'सहा किंवा सात बचावपटू असतील तरच' हेही टाका. निदानरेषेला अशी अट नाही. समोर एकच गडी उरला असला तरी त्याला न शिवता परतायचं तर ती ओलांडावी लागते.