सुकाणू ऐकेनासे होते तेव्हा

प्रश्न: जहाजाला बंदरात वाट दाखवणारा हार्बर पायलट चालत्या जहाजावर चढतो कसा? आणि जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, म्हणजे टग, बांधलेले असताना त्याचे नेमके काम काय उरते?

दोराच्या शिडीने चढतो. जहाज थांबत नाही, कारण थांबलेले जहाज लाटांवर नुसते डोलत राहते. ते सहा ते आठ नॉटने चालत राहते आणि वारा एका अंगावर घेऊन दुसऱ्या बाजूला आडोसा करून देते. त्या आडोशात पायलट बोट जहाजाला लगटून धावते. बोट लाटेच्या माथ्यावर आली की शिडीवर पाऊल टाकायचे आणि न थांबता चार पायऱ्या वर जायचे, कारण पुढच्या लाटेबरोबर उसळणारी बोट खाली राहिलेला पाय चिरडू शकते. चढण 9 मीटरपेक्षा जास्त असेल तर शिडीला जहाजाच्या तिरप्या जिन्याची जोड द्यावीच लागते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र मला टोचला, कारण हेच वाक्य एका कॅप्टनने मला जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, ऐकवले होते.

जहाज 225 मीटर लांब आणि 32 मीटर रुंद होते. माल भरलेला असल्यामुळे ते 12.2 मीटर पाण्यात बसले होते आणि त्याचे एकूण वजन सुमारे 77 हजार टन होते. भरतीचे पाणी धरून चॅनलची खोली 14 मीटर, म्हणजे तळाखाली 1.8 मीटर पाणी होते. चालते जहाज उथळ पाण्यात आणखी खाली बसते, त्याला आम्ही स्क्वॉट म्हणतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या जहाजाचा अरुंद चॅनलमधला स्क्वॉट ढोबळ हिशेबाने 8 नॉटला 1.1 मीटर येत होता आणि 6 नॉटला 0.6. म्हणून मी 6 नॉट ठरवले. मागच्या बाजूला मधोमध एक टग बांधलेला होता आणि पुढे दुसरा.

एका वळणानंतर आडव्या प्रवाहाने जहाज उजव्या काठाकडे सरकले. हे खिडकीतून आधी दिसत नाही, सुकाणूच्या काट्यावर दिसते. जहाज सरळच चालले होते, पण ते सरळ ठेवण्यासाठी सुकाण्याला आधी 5 अंश उजवे सुकाणू धरावे लागत होते, मग 10, मग 15. काठ आणि जहाज यांच्यामधून पाणी वेगाने वाहते, तिथला दाब उतरतो आणि मागचा भाग काठाकडे ओढला जातो. नाक मात्र काठापासून दूर, चॅनलच्या पलीकडे वळू पाहते. मी हार्ड स्टारबोर्ड सांगितले. सुकाणू पूर्ण उजवीकडे गेले, तरी नाक डावीकडेच फिरत राहिले.

कॅप्टनने इंजिनाच्या दांड्याकडे हात नेला. "मिस्टर पायलट, इंजिन बंद करा, टग आहेत ना!"

मी म्हटले, "हाफ अहेड," म्हणजे इंजिन निम्म्या जोराने पुढे, आणि रेडिओवर मागच्या टगला मागचा भाग पूर्ण जोराने डावीकडे ओढायला सांगितले.

सुकाणू स्वतः काही करत नाही. पंख्याने मागे फेकलेले पाणी त्याच्यावर आदळते तेव्हा ते काम करते. इंजिन बंद केले असते तर नेमकी हीच ताकद गेली असती, आणि दोर ताणून पूर्ण ओढ बसेपर्यंत टगला लागणाऱ्या वेळात नाक समोरच्या काठात रुतले असते. याउलट थोडा वेळ जोर दिला की पाण्याचा झोत सुकाणूवर ताबडतोब बसतो, पण 77 हजार टनांचा वेग तेवढ्यात फारसा वाढत नाही. सुमारे 40 सेकंदांनी नाकाचे फिरणे मंदावले, मग थांबले, आणि मी इंजिन पुन्हा डेड स्लोवर, म्हणजे सर्वांत कमी जोरावर, आणले. वेग अर्धा नॉटसुद्धा वाढला नव्हता. पुढच्या टगला मी काहीच सांगितले नाही, कारण एवढ्या वेगात त्याचा बराचसा जोर जहाजाबरोबर पळण्यातच खर्च होतो, आणि चुकीच्या कोनात त्याला ओढायला लावले तर तो स्वतःच आडवा खेचला जाऊन उलटू शकतो.

धक्क्याला लागल्यावर कॅप्टनने मला लेटर ऑफ प्रोटेस्ट दिले: पायलटने अरुंद चॅनलमध्ये विनाकारण वेग वाढवला. मी फक्त मिळाल्याची सही केली. त्यांना मी तेव्हा सांगितले तेच तुम्हाला सांगतो: टग हे माझे हात आहेत, पण कुठला हात कधी आणि कोणत्या दिशेला चालवायचा हे काट्यावरचे 15 अंश पाहूनच ठरते, आणि ते पाहण्यासाठी पायलट लागतो.

दोन गोष्टी मान्य करतो. नाक आधीच पलीकडच्या काठाला भिडत आले असेल तर हा उपाय उलटा पडतो. तिथे फुल अस्टर्न, म्हणजे इंजिन पूर्ण जोराने उलटे, आणि नांगर, दुसरे काही नाही. आणि पनामा कालव्यासारखे अपवाद सोडले तर जहाजाची अंतिम जबाबदारी कॅप्टनचीच राहते, म्हणून दांड्याकडे हात नेण्याचा त्यांना अधिकार होता. मात्र 15 अंशांवर काटा पोहोचला होता तेव्हा ते त्याच्याकडे पाहत नव्हते, आणि मी पाहूनही 10 अंशांवर असतानाच मागच्या टगला तयार राहायला सांगितले नव्हते. आता सांगतो.