लेकरू आळशी नाही, त्याची झोप खोल आहे

"माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत आहे. अजून रोज रात्री अंथरूण ओलं करतो. सासूबाई म्हणतात, उठायचा आळस आहे, दोन फटके दिले की सुटेल. रागावून झालं, मारूनही झालं. आता काय करू?"

ताई, मारणं आजपासून बंद करा. मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. मी स्वतः अकरा वर्षांचा होईपर्यंत वाकळ ओली करत होतो, आणि माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत. मला त्यासाठी पुष्कळ मार बसला. त्याने एक रात्रही कोरडी गेली नाही, फक्त झोपायची भीती बसली.

आळस करायला माणूस जागा असावा लागतो. या मुलांच्या बाबतीत झोपेत तीन गोष्टी कमी-जास्त प्रमाणात असतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं, काही मुलांत ते रात्री पुरेसं वाढत नाही. काहींचं मूत्राशय भरण्याआधीच आवळायला लागतं. आणि तिसरं, मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो, पण झोप मोडत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जणांना हा त्रास असतो. त्यातल्या दर शंभरातल्या पंधराएक मुलांचा तो दर वर्षी आपोआप सुटतो. म्हणजे तिसरीच्या चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तीन-चार लेकरं अशी असणारच, फक्त कोणी बोलत नाही. हे घराण्यातही चालत येतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर जाते. तुमच्या मालकांचं अंथरूण किती वर्षांचे असताना कोरडं राहायला लागलं, हे सासूबाईंना एकदा सहज विचारा. आमच्या आईला मी विचारलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुझा बापही असाच होता."

धाकट्याच्या वेळी अलार्मचं यंत्र, तक्ता वगैरेच्या आधी आम्ही दोन आठवडे फक्त वहीत नोंदी केल्या. चौदापैकी बारा रात्री ओल्या, बहुतेक वेळा रात्री साडेअकरा ते साडेबारात. दिवसाचं पाणी लिहायला लागलो तेव्हा खरी गोष्ट कळली. शाळेतलं स्वच्छतागृह घाण, म्हणून पोरगं लघवीला जायला नको म्हणून पाणीच पीत नव्हतं. बाटली भरून न्यायची, तशीच आणायची. पाचला घरी आलं की तांब्याभर पाणी घटाघट, जेवताना पुन्हा, वर रात्री आजीचा घोटभर चहा. मी रोज वर्गात ज्या बाटल्या भरलेल्या बघतो, त्याच माझ्या घरात होत्या आणि मला दिसल्या नव्हत्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तोडायचं नाही, दिवसभरात वाटून द्यायचं: मधल्या सुट्टीपर्यंत अर्धी बाटली, सुटेपर्यंत उरलेली. संध्याकाळी तहानेपुरतं, आणि रात्रीचा चहा बंद.

एका रविवारी त्याला खूप लागेपर्यंत थांबायला सांगून मापाच्या भांड्यात लघवी मोजली, 170 मिली भरली. अंदाजाचा हिशेब सोपा आहे: वयात एक मिळवा आणि तीसने गुणा. तेव्हा तो आठ वर्षांचा होता, म्हणजे 270 मिली यायला हवी होती. ती वही घेऊन परभणीला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शौचाला रोज होते का?" होत नव्हती, दोन-तीन दिवसांनी आणि तीही खड्यासारखी. आतड्यात मळ साचला की तो मूत्राशयाला दाबतो, त्याला पसरायला जागा उरत नाही. त्यांनी आधी त्याचं औषध दिलं. तेवढ्यानेच महिन्याभरात चौदापैकी ओल्या रात्री बारावरून नऊवर आल्या.

तुम्हीही एकदा डॉक्टरांना दाखवाच. मुलाची दिवसाही चड्डी ओली होत असेल, लघवीला जळजळ किंवा ताप असेल, धार बारीक असेल, खूप तहान लागून वजन उतरत असेल, रोज घोरत असेल, किंवा सहा महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झालं असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. तहान आणि उतरतं वजन हे मधुमेहाचंही लक्षण असू शकतं.

त्यानंतर आम्ही अलार्म घेतला. ऑनलाइन मिळतो, सेलवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. चड्डीला पुढून एक चिमटा लावायचा, त्याची वायर बनियनच्या खांद्यावर लावलेल्या डबीला. पहिला थेंब पडला की डबी वाजते. झटका वगैरे काही बसत नाही. पहिल्या रात्री पावणेबाराला तो वाजला आणि आई उठली, मी उठलो, ओसरीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. ज्याच्या खांद्यावर डबी होती तो तसाच गाढ. इथेच बहुतेक घरं हार मानतात आणि म्हणतात, यंत्र खराब आहे. खराब नसतं. पहिले दोन-तीन आठवडे हा अलार्म आईबापांसाठीच असतो.

मी त्याला उठवून बसवायचो आणि ओल्या हाताने तोंड पुसायचो. "कितवीत आहेस?" असं काहीतरी विचारायचो, उत्तर आलं म्हणजे जागा झाला. डबी बंद करायची त्यानेच, मी नाही. मग अंगणातून मोरीपर्यंत चालत जाऊन उरलेली लघवी तिथे करायची. अंधाराला घाबरायचा म्हणून तिथे एक छोटा बल्ब लावला. परत येऊन कोरडी चड्डी, चिमटा पुसून पुन्हा जागेवर. झोपेतच उचलून मोरीवर नेलं तर अंथरूण वाचतं, पण मेंदू काहीच शिकत नाही. रोज ठरलेल्या वेळी आपण उठवणं हेही तसंच.

अंथरुणावर मेणकापड आणि वर सुती चादर टाकली. टँकरच्या दिवसांत रोज वाकळ धुणं कोणाला परवडतं? धुवायला फक्त चादर राहिली, तेव्हा घरातला अर्धा राग आपोआप कमी झाला.

कोरड्या रात्रीची वाट बघत बसू नका, ओलीचा आकार बघा. दुसऱ्या आठवड्यात ताटाएवढी ओल वाटीएवढी झाली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या आधी त्याचा हात डबीवर गेला. चौथ्यात वाजायची वेळ पावणेबारावरून पहाटे चारवर सरकली. यातलं काहीही चार आठवड्यांत दिसलं तर चालू ठेवायचं. काहीच हललं नाही तर ओढत न बसता डॉक्टरांकडे परत जायचं. आमच्याकडे सलग चौदा कोरड्या रात्री व्हायला दहा आठवडे लागले. यात एक गंमत आहे: शेवटी तो रात्री उठत नव्हता, सकाळपर्यंत धरून झोपत होता. पुष्कळ मुलांत असंच होतं.

मे महिन्यात घामाने अलार्म दोनदा फुकट वाजला. चड्डी सैल घातली, चिमट्याखाली सुती घडी ठेवली आणि पंखा जवळ घेतला, मग थांबलं.

तक्त्याची चूक मात्र माझी. मी शिक्षक, मोठ्या हौसेने कॅलेंडर लावलं: कोरडी रात्र, एक चांदणी. पाच दिवस एकही चांदणी नाही. सहाव्या दिवशी त्याने कॅलेंडर फाडून चुलीत टाकलं, आणि ते बरोबरच होतं. झोपेत जे त्याच्या हातात नाही त्याचं बक्षीस ठेवलं, म्हणजे रोज सकाळी त्याला नापास करणंच झालं. मग नवा तक्ता केला, त्यात फक्त जागेपणी करता येतील अशा चार गोष्टी: शाळेत बाटली संपवली, झोपायच्या आधी मोरीवर जाऊन आला, चिमटा स्वतः लावला, वाजल्यावर उठून चालत गेला. रात्री वाजलाच नाही तर त्या दिवशी चौथी चांदणी तशीच मिळायची. वीस चांदण्या झाल्या की त्याने निवडलेली गोष्ट: एकदा नवा चेंडू, एकदा माझ्यासोबत बाजाराला मोटारसायकलवर पुढे बसून. मिळालेली चांदणी कधीच काढून घ्यायची नाही, कितीही राग आला तरी. सकाळी ओली चादर बादलीत टाकायला तो मदत करायचा, पण ते कामासारखं, शिक्षेसारखं नाही, आणि पाहुण्यांसमोर तर नाहीच.

चौदा रात्रींनंतर लगेच अलार्म काढला नाही. झोपण्यापूर्वी मुद्दाम आधी अर्धा ग्लास, मग एक ग्लास पाणी जास्त दिलं. तीन रात्री ओल्या झाल्या, पुन्हा चौदा कोरड्या झाल्या, तेव्हा डबी कपाटात ठेवली. याने मूत्राशयाची सवय पक्की होते आणि त्रास उलटण्याची शक्यता कमी होते. तरी तीन महिन्यांनी मामाच्या लग्नाच्या धावपळीत उलटलंच. न बोलता डबी पुन्हा काढली, दहा दिवसांत जागेवर आलं. अलार्म नेटाने वापरणाऱ्या दर तीन मुलांत साधारण दोघांना गुण येतो, त्यातल्या काहींना असा दुसरा फेरा लागतो.

घरात रात्री उठायला कोणीच नसेल, किंवा उठणाऱ्याचा हात अजून उगारला जात असेल, तर सध्या अलार्म आणू नका. अशा वेळी, किंवा सहलीपुरतं, डॉक्टर डेस्मोप्रेसिन नावाचं औषध देतात. ते घेतल्यावर रात्री भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ धोकादायक उतरू शकतं. म्हणून घेण्याच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी घोटभरच, आणि दुसऱ्याच्या मुलाची उरलेली गोळी कधीच नाही.

ताई, उद्यापासून फक्त वही करा: किती वाजता, केवढी ओल, दिवसाचं पाणी किती, शौचाला कधी. आणि आज रात्री झोपताना त्याला एवढं सांगा की यात त्याची चूक नाही. मला हे वयाच्या चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं, तेही माझ्या मुलाबद्दल बोलताना.